तिची शंका, आमचं इंग्रजी

आमच्या ऑफिसात मराठीतून आलेल्या मेसेजला 'रॉ मटेरियल' म्हणत. हा शब्द टीम लीडने आणला आणि बाकीच्यांनी लगेच उचलला. टीम लीडचा शब्द उचलणं हेच तिथलं निम्मं काम होतं.

ऑफिस अंबडला, औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. कंपनी शीतगृहांची यंत्रं बसवायची आणि दुरुस्त करायची. पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडची द्राक्षाची पॅकहाऊसं आमची गिऱ्हाइकं. तिथून काही बिघडलं की व्हॉट्सअॅपवर मेसेज यायचा, बहुतेक मराठीत. तो वाचायचा आणि कामाच्या नोंदीत इंग्रजीत उतरवायचा, एवढं माझं काम. इंग्रजीत का, तर नोंद वाचणारे इंजिनिअर तामिळनाडूत बसलेले. त्यांना मराठी येत नाही आणि येण्याचं कारणही नाही. ते आमची नोंद वाचून ठरवत की माणूस पाठवायचा, फोनवर भागवायचं की तक्रार बंद करायची. म्हणजे पिंपळगावच्या माणसाला काय म्हणायचंय हे त्यांना आमच्या चार ओळींतूनच कळणार. बाकी त्यांच्याकडे काही नाही.

मी सायखेड्याची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. हे मी अजूनही सांगते आणि सांगताना लाजत नाही. आईला इंग्रजी सोडा, बसची पाटीही विचारावी लागते. त्यामुळे मला नोकरीत इंग्रजी लिहायला मिळतंय याचं घरी फार कौतुक होतं. मलाही होतं. त्या कौतुकाने डोळ्यांवर किती जाड झापड येते हे मला पुढे कळलं.

टीम लीड नाशिकमध्येच जन्मलेला, शाळा इंग्रजी, आणि गंगापूर रोडच्या पलीकडे त्याला सगळंच खेडं. पॅकहाऊसच्या लोकांना तो 'पब्लिक' म्हणायचा. "पब्लिक पाल्हाळ लावते यार, आपल्याला गिस्ट पाहिजे." त्याने नोंदीसाठी नियम केले होते. तीन ओळींच्या वर जायचं नाही. आणि नोंदीत 'कदाचित', 'असू शकतं', 'नक्की सांगता येत नाही' असलं काही येता कामा नये. "इंजिनिअरला क्लॅरिटी पाहिजे. मेबी लिहिलंत तर तो म्हणेल नाशिकला बसलेल्यांना काही कळत नाही. हो किंवा नाही, विषय संपला." दर शुक्रवारी तो आमच्या नोंदी तपासून गुण द्यायचा. शंका ठेवणाऱ्या नोंदीला गुण कापलेले असायचे.

हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलं मला माहीत नाही. बिघाड कळवणारा माणूस शंकाच कळवत असतो. त्याला खात्री असती तर त्याने पाना घेऊन स्वतःच दुरुस्त केलं असतं. पण हे तेव्हा मी बोलले नाही. मी गुण मिळवत होते. सलग दोन महिने माझा पहिला नंबर. 'क्रिस्प' म्हणून माझी नोंद पडद्यावर लावून दाखवली जायची आणि मी खुर्चीत ताठ बसायचे. शेजारच्या टेबलावरचा मुलगा द्राक्षाच्या मण्याला इंग्रजीत माळेतल्या मण्याचा शब्द लिहायचा. मी त्याला हसायचे. मला वाटायचं, चुका म्हणजे असल्या.

द्राक्षाचा हंगाम भरात होता तेव्हाची गोष्ट. पिंपळगावजवळच्या एका पॅकहाऊसमधून बुधवारी सकाळी मेसेज आला. पाठवणाऱ्या ताई तिथल्या सुपरवायझर. माल किती गार झाला ते तपासून रजिस्टरला लिहिणं त्यांच्याकडे. तोडलेली द्राक्षं पेट्यांत भरली की त्यांच्यातून गार हवा खेचतात, मण्याच्या आतलं तापमान शून्याच्या आसपास येईपर्यंत. मग कंटेनर. मणी आतून गार झाला का ते बघायला टोकदार थर्मामीटर मण्यात खुपसतात. खोलीबाहेरचा डिस्प्ले आतल्या हवेचं तापमान दाखवतो, मण्याचं नाही. हे त्या ताईंना पाठ होतं. माझ्या टीम लीडला होतं की नाही, मला शंका आहे. बघा, शंका लिहिता येते, काही कोसळत नाही.

मेसेज असा होता. मी तो नंतर इतक्यांदा वाचला की पाठ झालाय.

"नमस्कार मॅडम. सोमवारी तुमचा माणूस दोन नंबरच्या खोलीतला सेन्सर बदलून गेला. तवापासून डिस्प्लेवर आकडा बरोबर येतोय, अर्धा डिग्री. पण मण्यात थर्मामीटर घातला की चार-साडेचार दाखवतो, माल रोजच्यापेक्षा जास्त वेळ गार केला तरी. पहिले असं नव्हतं. आमचा थर्मामीटर जुना हाय, तोबी चुकत असंल, नक्की सांगता येत नाय. म्हणून तुम्ही येऊन दोन्ही बघा. शुक्रवारी कंटेनर भरायचाय."

यात एक शब्द जास्तीचा नाही. कधीपासून, काय दिसतं, काय जुळत नाही, स्वतःच्या हत्यारावर किती भरवसा, काय पाहिजे, कधीपर्यंत. आमच्या टीम लीडच्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये मिळून इतकं शहाणपण नव्हतं.

मी त्याची नोंद केली ती अशी: 'कस्टमर कन्फर्म्स डिस्प्ले ओके आफ्टर सेन्सर चेंज. कस्टमर्स ओन थर्मामीटर ओल्ड अँड फॉल्टी. कंटेनर लोडिंग फ्रायडे.'

तीन ओळी. व्याकरण ठीक, स्पेलिंग ठीक. त्या शुक्रवारी तिला पूर्ण गुण मिळाले असते.

तामिळनाडूतल्या इंजिनिअरने ती वाचली आणि त्याच्या जागी कुणीही जे केलं असतं ते केलं. डिस्प्ले बरोबर आहे, गिऱ्हाइकाचा थर्मामीटर बिघडलाय असं गिऱ्हाईकच सांगतंय, मग आपलं काय काम? त्याने तक्रार बंद केली आणि बंद केल्याचा मेल नेहमीप्रमाणे पॅकहाऊसच्या मालकाला गेला. आमच्याकडे पद्धतच तशी. मेसेज करणारा कुणीही असो, उत्तराचा मेल ज्याच्या नावावर करार आहे त्यालाच, आणि त्यात नोंद जशीच्या तशी. ज्या ताईंनी मेसेज केला त्यांना साधा निरोपही नाही.

गुरुवारी सकाळी नऊ-सव्वानऊला त्यांचा फोन आला. तोपर्यंत मी त्यांचा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

"मॅडम, दोन नंबरच्या खोलीचं तुम्हीच लिहिलं का?"

"हो ताई, बोला ना."

"माझा थर्मामीटर खराब हाय असं मी कधी म्हनले?"

मी म्हटलं, "ताई, तुम्ही लिहिलंय ना, जुना आहे म्हणून."

"जुना हाय. मी पन जुनी हाय. म्हनून खराब झाले का?" मग त्या म्हणाल्या, "शेठनी काल मला ऑफिसात बोलावलं. मेल वाचून दाखवला. म्हने, कंपनीनं लिहून दिलंय, तूच कबूल केलंय. म्हने, थर्मामीटर खराब तर आख्ख्या हंगामाचं रजिस्टर खोटं. माझ्या अक्षरातलं हाय ते रजिस्टर, मॅडम. बाहेरचा पाहुना येतो ना माल बघायला, तो पहिले तेच उघडतो. शेठनी ते काढून घेतलं. उद्यापासून येऊ नको म्हनाले."

सवयीने तोंडातून गेलं, "मी बघते, ताई."

"काय बघता? बघायलाच तर बोलवत होते तुम्हाला."

फोन त्यांनीच ठेवला.

मी माझी नोंद उघडली. शेजारी त्यांचा मेसेज ठेवला. दोन्ही वाचायला मिनिटभर लागलं असेल. डिस्प्लेचा आकडा बरोबर येतोय, 'पण', असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या नोंदीत 'पण' नव्हतं. मण्यातलं चार-साडेचार नव्हतं, आणि पहिले असं नव्हतं हेही नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःच्या हत्यारावर शंका घेतली होती. ती मी कबुलीजबाब करून टाकली होती. आणि दोन्ही बघा, ही एकच विनंती होती, ती तर सरळ गाळली होती. वाचणाऱ्याला मूळ मेसेजचा उलटा अर्थ लागावा अशी नोंद मी शुद्ध इंग्रजीत केली होती. टीम लीडचा नियम मूर्खपणाचा होता, मान्य. पण बोटं माझी होती. दोन महिने पहिला नंबर कशावर काढला तेही त्या मिनिटात कळलं. किती जणांच्या शंका मी अशा खोडल्या असतील, देव जाणे. आपण कमवलेली गोष्ट बेकार निघाली की राग पहिला स्वतःचाच येतो. तो आला. पण त्याला वेळ नव्हता, शुक्रवारी कंटेनर होता.

मी टीम लीडकडे गेले. तो कॉफी ढवळत होता.

"सर, दोन नंबर खोलीची तक्रार रीओपन करायची आहे. माझी नोंद चुकली."

"रीओपन?" हा शब्द ऐकून त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काळजी दिसली. पुन्हा उघडलेल्या तक्रारी त्याच्या खात्यावर वाईट दिसतात. "अगं, नवीन काढ ना. फ्रेश कम्प्लेंट. जुनी राहू दे क्लोज."

"नवीन काढली तर जुनी खरी राहते, सर. त्या जुन्या नोंदीवरनं त्या बाईला कामावरून काढताहेत."

"ते त्यांचं इंटर्नल आहे. आणि तिनेच लिहिलंय ना ओल्ड आहे म्हणून? ही पब्लिक एक तर लांबण लावते, मग पलटते."

"ती पलटली नाही. मी पलटवलं."

"आणि 'आमची नोंद चुकली' असं रिटन देणार तू? क्लायंटला जातं ते. लीगल वगैरे कळतं का काही?"

मला लीगल कळत नव्हतं. इतकं कळत होतं की हा माणूस एका बाईच्या नोकरीपेक्षा आपल्या महिन्याच्या तक्त्यातल्या एका चौकटीची जास्त काळजी करतोय, आणि तीही कॉफी खाली न ठेवता. मी म्हटलं, "माझ्या नावाने लिहिते. तुमचं नाव कुठेच येणार नाही." हे ऐकल्यावर त्याचा विरोध अर्धा संपला. असल्यांची भीती तेवढीच असते.

आमच्या सिस्टममध्ये जुनी नोंद पुसता येत नाही, खाली नवी जोडता येते. हे बरंच आहे. चूक दिसत राहते आणि दुरुस्तीही. मी लिहायला बसले आणि पहिल्यांदा तीन ओळींचा विचार केला नाही. सुरुवातीलाच लिहिलं की आधीची नोंद चुकीची आहे, चूक नोंद लिहिणारीची आहे, मेसेज पाठवणाऱ्या व्यक्तीची नाही. मग त्यांनी काय पाहिलं ते: डिस्प्ले अर्धा, मण्यात चार ते साडेचार, दोन्ही एकाच खोलीत, सेन्सर बदलल्यापासून. मग त्यांना काय वाटतं ते, वेगळं: थर्मामीटर जुना आहे, तो चुकत असण्याची शक्यता त्या स्वतः सांगतात, खात्री नाही. मग त्यांची मागणी: माणूस पाठवून डिस्प्ले आणि थर्मामीटर दोन्ही तपासा, शुक्रवारच्या आत. पाहिलेलं, वाटलेलं आणि मागितलेलं, तीन वेगळ्या परिच्छेदांत. मूळ मराठी मेसेज खाली चिकटवला तर सिस्टमने त्याची प्रश्नचिन्हं केली, म्हणून त्याचा फोटो जोडला. तामिळनाडूत तो कुणी वाचणार नव्हतं. पण पुढे कधी कुणी माझ्या इंग्रजीवर शंका घेतली तर तपासायला मूळ हाताशी असावं.

सेव्ह करायच्या आधी मी ताईंना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"ताई, नवीन लिहिलंय. इंग्रजीत आहे. मी तुम्हाला मराठीत वाचून दाखवते. जिथं तुमचं नसेल तिथं थांबवा."

"आता वाचून दाखवता होय," त्या म्हणाल्या. मग, "वाचा."

मी इंग्रजी ओळ बघून मराठीत सांगत गेले, एकेक वाक्य. त्यांचा मेसेज बघून नाही, माझी नोंद बघून. तसं केलं तरच इंग्रजीत काय पोचलंय ते कळतं. त्या मधे मधे 'हां' म्हणत होत्या. सेन्सरपाशी आले तेव्हा म्हणाल्या, "थांबा. सेन्सर बदलला एवढंच लिहिलं का?"

"तुम्ही तेवढंच लिहिलं होतं."

"हां, माझ्या मेसेजात नव्हतं ते. तुमचा माणूस गेला तवा मी त्याला विचारलं होतं, पहिल्याच जागी लावला का म्हनून. तो म्हनाला, तिथली वायर पुरत नाय, जरा अलीकडं लावलाय, फरक नाय पडत."

माझं केमिस्ट्री असलं तरी इतक्या महिन्यांत एवढं शिकले होते की सेन्सर माल ओलांडून परत येणाऱ्या हवेत असावा लागतो. पंख्यातून ताजी गार हवा बाहेर पडते तिथं तो लावला, तर त्याला सगळं गारच वाटणार. यंत्र समजणार काम झालं, आणि कॉम्प्रेसर थांबणार. माल मात्र गरमच.

"अलीकडं म्हणजे पंख्यासमोर का, ताई?"

"मी वर चढून नाय बघितलं. बघितलं नाय ते मी कसं सांगू? त्यानं 'अलीकडं' म्हनलं, तेवढं लिहा. त्यानं म्हनलं असं लिहा, मी म्हनले असं नको."

मला हात जोडावेसे वाटले, आणि त्याच क्षणी टीम लीडचा कान धरून त्याला हा फोन ऐकवावासा वाटला. आठवी शिकलेली बाई. आपण स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं यांतला फरक नोकरी गेलेल्या सकाळीसुद्धा तिच्या हातून सुटला नाही. आणि तो 'पब्लिक' म्हणून हसणारा, पडद्यावर लेसर फिरवत आम्हाला क्लॅरिटी शिकवायचा.

मी ते वाक्य तसंच घातलं. 'तंत्रज्ञाने सांगितले असे मेसेज पाठवणाऱ्या व्यक्ती म्हणतात. त्यांनी स्वतः पाहिलेले नाही.' सेन्सरची जागा वाऱ्याच्या तोंडाशी आहे का तपासा, ही माझी शंका मी माझ्या नावाने वेगळी लिहिली, त्यांच्या तोंडी घातली नाही. सगळं मिळून सतरा ओळी झाल्या. पुन्हा वाचून दाखवलं. "आता माझं हाय," त्या म्हणाल्या. मी तक्रार पुन्हा उघडली.

वीस मिनिटांत तामिळनाडूतून फोन आला. तो इंजिनिअर मी ऐकलेल्या लोकांत सगळ्यात कमी बोलणारा. त्याने एकच विचारलं, मण्यातला आकडा त्यांनी किती पेट्यांत घेतला? मी ताईंना विचारून सांगितलं, सहा पेट्यांत, वरच्या आणि खालच्या. तो म्हणाला, मण्यातल्या चार-साडेचारचं आधी का नाही कळवलं? मी म्हटलं, कळवलं होतं, मी लिहिलं नव्हतं. तो "ओके" म्हणाला आणि तासाभरात नाशिकचा माणूस निघाला. सोमवारचा नाही, दुसरा.

दुपारी तीनला त्याने खोलीतून फोटो पाठवला. सेन्सर पंख्यासमोर, प्लास्टिकच्या पट्टीने पाईपला बांधलेला. आणि दुसरा फोटो, ताईंच्या थर्मामीटरचा, बर्फाच्या पाण्यात बुडवलेला. शून्य पॉइंट दोन. जुना होता, आणि बरोबर होता.

वायर जोडून सेन्सर पहिल्या जागी गेला, यंत्र न थांबता चालत राहिलं, आणि कंटेनर शुक्रवारऐवजी शनिवारी भरला. तो मेल पण मालकालाच गेला, त्याच पद्धतीने, माझ्या सतरा ओळींसकट. त्यात 'चूक नोंद लिहिणारीची' हे वाक्य सगळ्यात वर होतं.

शुक्रवारी टीम लीडने नेहमीसारख्या नोंदी तपासल्या. माझ्या नोंदीला त्याने गुण दिले ते सांगायच्या लायकीचे नाहीत. शेरा मारला: 'टू लाँग. इमोशनल.' सतरा ओळींत भावनेचा एक शब्द दाखवून द्या म्हटलं तर म्हणाला, "ओव्हरऑल टोन." तेव्हापासून मी त्याच्या गुणांकडे बघणं सोडलं. सहा महिन्यांनी त्याला बढती मिळून तो पुण्याला गेला. तिथंही कुणाच्या तरी शंका खोडत असेल, आणि त्याचा तक्ता स्वच्छ असेल.

शनिवारी दुपारी कंटेनर निघाल्यावर ताईंचा फोन आला. मागे पेट्या आपटल्याचे आवाज येत होते.

"मॅडम, रजिस्टर दिलं परत."

"शेठ काय म्हणाले?"

"काय म्हननार? म्हने, कंपनीची चूक होती तर मला आधी सांगायचं ना. मी म्हनले, सांगत होते, तुम्ही वाचत होता." त्या हसल्या, पण थोडंच. "माफीबिफी काही नाय. शेठलोक ते. या हंगामाचं काम हाय माझ्याकडं, पुढचं पुढं."

"ताई, मला माफ करा."

"तुमचं लिहून झालंय ना वर, इंग्रजीत? मग परत कशाला." पेट्यांच्या आवाजातून त्या कुणावर तरी ओरडल्या आणि मग पुन्हा मला म्हणाल्या, "एक करा. तीन नंबरच्या खोलीचं दार नीट बसत नाय, खालून वारं येतं असं वाटतं. वाटतं म्हनले मी. लिहा, आणि वाचून दाखवा."

मी वही पुढे ओढली.